रीलची स्क्रिप्ट किती शब्दांची असावी? शब्दसंख्या आणि कम्प्लिशन रेट यांचा संबंध कसा तपासायचा



आपल्यापैकी बरेच जण आता वर्गातला एखादा छोटा भाग रील किंवा शॉर्टच्या रूपात करतात. कुणी ११ ने गुणाकाराची युक्ती दाखवतं, कुणी परिसर अभ्यासातला एखादा प्रयोग. मग काही दिवसांनी आकडे बघितले की लक्षात येतं, निम्म्याहून जास्त लोक शेवटपर्यंत थांबतच नाहीत. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "स्क्रिप्ट छोटी करा." आपण स्क्रिप्ट छोटी करायला बसतो आणि कात्री कुठे लागते? बहुतेक वेळा मधल्या उदाहरणाला किंवा प्रयोगाच्या एखाद्या पायरीला. म्हणजे ज्यामुळे मुलाला ती गोष्ट समजणार होती, तेच जातं.

म्हणून कापण्याआधी तपासायला हवं की आपल्या रील्समध्ये शब्द वाढले म्हणून लोक जातात, की दुसऱ्याच कारणाने जातात. ही तपासणी अवघड नाही. दहा-बारा रील्स, एक गूगल शीट आणि एक निवांत दुपार पुरते. या लेखात ती पायरी पायरीने करू. लेखातला तक्ता सरावासाठी मांडलेला आहे. त्यातले आकडे कुठल्या खऱ्या चॅनेलचे नाहीत, पण गणित तेच, जे तुम्हाला तुमच्या आकड्यांवर करायचं आहे.

१. आधी ठरवा : 'पूर्ण पाहिलं' म्हणजे नेमकं काय?

कम्प्लिशन रेट म्हणजे रील सुरू करणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण. १०० जणांनी सुरू केलं आणि ४२ जण शेवटच्या सेकंदापर्यंत होते, तर कम्प्लिशन रेट ४२ टक्के. सोपं आहे. पण ॲपमध्ये समोर सहज दिसतो तो आकडा बहुधा हा नसतो. तिथे असतो सरासरी किती पाहिलं याचा आकडा. यूट्यूब स्टुडिओत त्याला `Average percentage viewed` म्हणतात, इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये `Average watch time` सेकंदांत मिळतो. हे दोन वेगळे आकडे आहेत आणि एकाच्या जागी दुसरा वापरला की सगळा हिशेब बिघडतो.

एक छोटं उदाहरण घ्या. ३० सेकंदांची रील, १० प्रेक्षक. पाच जणांनी पूर्ण पाहिली, पाच जण ३ सेकंदांत निघून गेले. एकूण १५० अधिक १५, म्हणजे १६५ सेकंद. दहा जणांत वाटले तर सरासरी साडेसोळा सेकंद, म्हणजे ५५ टक्के. कम्प्लिशन रेट मात्र ५० टक्के.

आता दुसरी रील घ्या. दहाच्या दहा जण साडेसोळा सेकंद थांबले आणि मग सगळे गेले. सरासरी तीच, ५५ टक्के. पण कम्प्लिशन रेट शून्य! पहिल्या रीलमध्ये सुरुवात कच्ची आहे, दुसरीमध्ये मध्यावर काहीतरी बिनसलंय. सरासरी बघून हा फरक कधीच कळणार नाही. शिवाय कुणी रील पुन्हा पुन्हा पाहिली तर सरासरी १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकते. कम्प्लिशन रेट कधी १०० च्या वर जात नाही.

मग हा आकडा मिळवायचा कुठून? प्रत्येक व्हिडिओच्या ॲनालिटिक्समध्ये रिटेन्शनचा आलेख असतो, म्हणजे वेळ पुढे सरकते तसे किती टक्के लोक उरले याची उतरती रेषा. त्या रेषेचं अगदी उजवं टोक म्हणजे आपला कम्प्लिशन रेट. रेषेवर बोट ठेवलं की तिथला टक्का दिसतो. तो वहीत लिहून घ्या.

इथे तीन पथ्यं पाळा. पहिलं, सगळ्या रील्सचे आकडे टाकल्यापासून सारख्याच दिवशी घ्या, समजा सातव्या दिवशी. सुरुवातीचे प्रेक्षक बहुधा आपले ओळखीचे, आपल्याच शाळेचे पालक असतात, अनोळखी लोक नंतर येतात. त्यामुळे कालची रील आणि दोन महिन्यांपूर्वीची रील शेजारी ठेवली तर प्रेक्षकच वेगळे असतात. दुसरं, इन्स्टाग्राम आणि यूट्यूबचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका, दोघांची मोजायची रीत वेगळी. आणि तिसरं, यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्सचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. आता शॉर्ट सुरू झाली किंवा पुन्हा वाजली की प्रत्येक वेळी एक व्ह्यू धरला जातो, जुन्या पद्धतीचा आकडा `Engaged views` या नावाने वेगळा दिसतो. तेव्हा त्या तारखेआधीच्या आणि नंतरच्या शॉर्ट्सचे व्ह्यूज एका रांगेत लावू नका.

२. शब्द मोजायचे कसे?

वाटतं तितकं हे सरळ नाही. मोजायचे आहेत ते बोललेले शब्द, लिहिलेले नव्हे. रेकॉर्डिंग करताना आपण एखादं वाक्य गाळतो, एखादं 'बरं का मुलांनो' जास्तीचं घालतो. म्हणून रील ऐकत ऐकत स्क्रिप्ट दुरुस्त करून घ्या आणि मगच मोजा.

गणिताच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक अडचण. कागदावर '३/४' हा एकच शब्द मोजला जातो, पण आपण बोलतो 'तीन छेद चार', म्हणजे तीन शब्द. '१९४७' एक शब्द, बोलताना 'एकोणीसशे सत्तेचाळीस' असे दोन. म्हणून मोजण्यापुरते सगळे अंक अक्षरी लिहा. नाहीतर गणिताच्या रील्स कागदावर उगाच छोट्या दिसतील.

शीटमध्ये B रकान्यात पूर्ण स्क्रिप्ट चिकटवा आणि C रकान्यात हे सूत्र लिहा:

```
=COUNTA(SPLIT(SUBSTITUTE(B2,CHAR(10)," ")," "))
```

हे सूत्र ओळी जोडून घेतं आणि मोकळ्या जागांवर शब्द वेगळे करून मोजतं. दोन शब्दांमध्ये सुटी रेघ किंवा सुटा पूर्णविराम असेल तर तोही शब्द म्हणून मोजला जातो, तेवढे काढून टाका. सूत्राने दिलेला आकडा एक-दोन स्क्रिप्टवर बोटाने मोजून पडताळून बघा.

आणि हो, इंग्रजी व्हिडिओंसाठी सांगितलेली शब्दमर्यादा मराठीला लावू नका. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'शेतकऱ्याच्या घरासमोरच्या अंगणात' हे मराठीत तीन शब्द. हेच इंग्रजीत सांगायला आठ-नऊ शब्द लागतील. म्हणजे मराठी शब्द कमी पण लांब असतात. आपली तुलना आपल्याच मराठी रील्सशी करायची.

३. तक्ता मांडूया

समजा एका शिक्षिकेने दहा रील्स केल्या. पाच गणिताच्या युक्त्यांच्या, पाच परिसर अभ्यासाच्या. प्रत्येकीला सातव्या दिवशी साधारण ४०० व्ह्यूज आहेत.

| क्र. | प्रकार | शब्द | सेकंद | कम्प्लिशन रेट (%) |
|---|---|---|---|---|
| १ | गणित | ५२ | २४ | ५८ |
| २ | गणित | ६० | २७ | ६१ |
| ३ | गणित | ६६ | ३० | ५५ |
| ४ | गणित | ७४ | ३३ | ६० |
| ५ | गणित | ८० | ३६ | ५७ |
| ६ | परिसर | ९८ | ४४ | ४१ |
| ७ | परिसर | १०८ | ४९ | ३७ |
| ८ | परिसर | ११६ | ५२ | ४२ |
| ९ | परिसर | १२६ | ५७ | ३८ |
| १० | परिसर | १३५ | ६० | ४० |

शीटमध्ये शब्द C रकान्यात, सेकंद D मध्ये, कम्प्लिशन रेट E मध्ये. आकडे इंग्रजी अंकांतच टाका, म्हणजे सूत्रांना ते आकडे म्हणून कळतील. आता सहसंबंध काढा:

```
=CORREL(C2:C11,E2:E11)
```

उत्तर येतं उणे ०.९०. सहसंबंधाचा आकडा उणे १ ते अधिक १ यांच्या मधे असतो. उणे १ च्या जवळ म्हणजे एक वाढलं की दुसरं जवळपास नेमाने घटतं. उतार काढायचा असेल तर `=SLOPE(E2:E11,C2:C11)`, उत्तर सुमारे उणे ०.३१. म्हणजे दर १० वाढीव शब्दांमागे कम्प्लिशन रेट ३ टक्क्यांनी कमी.

इथे आपल्याला वाटेल, झालं! पुरावाच मिळाला. १३५ शब्द कापून ८० वर आणायचे. बहुतेक जण इथेच थांबतात. पण आपण थांबायचं नाही. शीटमध्ये इन्सर्टमधून स्कॅटर चार्ट काढा आणि नुसता डोळ्यांनी बघा. एक उतरती रेषा दिसते का? नाही. दोन घोळके दिसतात. एक डावीकडे वर, एक उजवीकडे खाली. मधे रिकामी जागा.

४. घोळके वेगळे करून बघा

आता तेच सूत्र फक्त गणिताच्या पाच रील्सवर लावा आणि मग फक्त परिसरच्या पाचवर:

```
=CORREL(C2:C6,E2:E6)
=CORREL(C7:C11,E7:E11)
```

गणितासाठी उत्तर उणे ०.१५, परिसरसाठी उणे ०.११. म्हणजे गटाच्या आत संबंध जवळपास उरलाच नाही! एवढा मोठा उणे ०.९० गेला कुठे? तो आला होता दोन गटांमधल्या फरकातून. गणिताच्या रील्स छोट्याही आहेत आणि जास्त पाहिल्याही जातात. परिसरच्या रील्स मोठ्याही आहेत आणि कमी पाहिल्या जातात. दोन्ही एकत्र टाकल्या की दोष शब्दसंख्येच्या माथी जातो.

हे आणखी एका बाजूने पडताळता येतं. एकत्रित उतार खरा मानला तर गणितात ५२ वरून ८० शब्दांवर जाताना २८ शब्द वाढले, म्हणजे कम्प्लिशन रेट सुमारे ९ टक्क्यांनी पडायला हवा होता. प्रत्यक्षात ५८ वरून ५७. परिसरमध्ये ९८ वरून १३५, म्हणजे ३७ शब्द वाढले, सुमारे ११ टक्के पडायला हवे होते. प्रत्यक्षात ४१ वरून ४०. पण गणिताच्या ८० शब्दांच्या रीलपासून परिसरच्या ९८ शब्दांच्या रीलपर्यंत जाताना मात्र एकदम १६ टक्क्यांची उडी. शब्दांमुळेच लोक जात असते तर घसरण हळूहळू झाली असती, अशी पायरी दिसली नसती. प्रकार बदलतो तिथेच उडी आहे. म्हणजे परिसरच्या रील्समध्ये लांबीशिवाय दुसरं काहीतरी वेगळं आहे.

मग गटाच्या आतले ५५, ६१, ५७ असे चढउतार कशाचे? ते बऱ्याच अंशी नशिबाचे. कुठल्या ४०० जणांसमोर रील गेली यावर टक्का थोडा हलतोच. एक ढोबळ नियम लक्षात ठेवा : १ भागिले व्ह्यूजचं वर्गमूळ. ४०० चं वर्गमूळ २०, एक भागिले वीस म्हणजे ५ टक्के. तेवढा टक्का वर किंवा खाली सहज जाऊ शकतो. म्हणून ५५ आणि ६१ यांच्यात अर्थ शोधत बसू नका. १०० व्ह्यूज असतील तर हा हेलकावा १० टक्के, ४० व्ह्यूज असतील तर जवळजवळ १६ टक्के. माझ्या मते १०० पेक्षा कमी व्ह्यूजची रील तक्त्यात घेऊच नये. ती एकटीच अख्खा निष्कर्ष फिरवू शकते.

सहसंबंधाच्या आकड्यालाही हेच लागू. पाचच बिंदू असतील तर काही संबंध नसतानाही निव्वळ योगायोगाने ०.७ किंवा ०.८ येऊ शकतो. म्हणून पाच रील्सवर मोठा सहसंबंध मिळाला तरी हुरळून जायचं नाही, आणि लहान मिळाला तरी 'संबंध अजिबात नाही' असं छातीठोक म्हणायचं नाही. आपण इतकंच म्हणू शकतो : या रील्समध्ये, गटाच्या आत, शब्द वाढल्यामुळे मोठी घसरण झाल्याचं दिसत नाही.

५. लोक कुठल्या शब्दाला गेले?

आता खरा उपयोगी भाग. एकूण शब्द मोजण्यापेक्षा, लोक जात होते तेव्हा आपण काय बोलत होतो ते बघूया. त्यासाठी बोलण्याचा वेग काढा. शब्द भागिले सेकंद. आठव्या रीलमध्ये ११६ भागिले ५२, म्हणजे सेकंदाला सुमारे २.२ शब्द. आलेखावरची वेळ आणि हा वेग यांचा गुणाकार केला की स्क्रिप्टमधला शब्द सापडतो. दहाव्या सेकंदाला घसरण थांबली, तर आपण बाविसाव्या शब्दाच्या आसपास होतो.

आठवी रील 'ओले कपडे कसे वाळतात' या विषयाची आहे असं समजू. तिची सुरुवात अशी :

"नमस्कार बालमित्रांनो, कसे आहात सगळे? आपल्या परिसर अभ्यासाच्या मालिकेत तुमचे पुन्हा एकदा मनापासून स्वागत. आज आपण एक अतिशय महत्त्वाचा भाग शिकणार आहोत."

मोजा, बरोबर २२ शब्द. जवळपास १० सेकंद. शेवट असा :

"बालमित्रांनो, कसा वाटला आजचा भाग? आवडला असेल तर लाईक करा, मित्रांना पाठवा आणि पुढचा भाग बघायला विसरू नका."

हे १८ शब्द, ८ सेकंद. मधले ७६ शब्द, ३४ सेकंद, म्हणजे खरा पाठ : दोन ओले रुमाल, एक उन्हात, एक सावलीत, आणि पाण्याची वाफ होऊन ती हवेत मिसळण्याचं स्पष्टीकरण.

आलेखावरून चार आकडे टिपा. सुरुवातीला १०० टक्के. दहाव्या सेकंदाला ६३. चव्वेचाळिसाव्या सेकंदाला, म्हणजे पाठ संपतो तिथे, ५४. शेवटी ४२.

आता हिशेब बघा. स्वागताच्या १० सेकंदांत ३७ टक्के गेले. पाठाच्या ३४ सेकंदांत फक्त ९ टक्के. निरोपाच्या ८ सेकंदांत १२ टक्के. पाठ सुरू झाला तेव्हा जे ६३ टक्के होते, त्यातले ५४ पाठ संपेपर्यंत होते. ५४ भागिले ६३, म्हणजे ८६ टक्के. दर शंभरातल्या ८६ जणांनी पूर्ण प्रयोग पाहिला!

शेजारी गणिताची चौथी रील ठेवा. तिची सुरुवात "तेवीस गुणिले अकरा किती, सांगा?" एवढीच, पाच शब्द, दोन सेकंद. दोन सेकंदांनंतर ८४ टक्के उरले. तिसाव्या सेकंदाला पाठ संपला तेव्हा ६६. मग तीन सेकंदांचा निरोप आणि शेवटी ६०. पाठाच्या आतलं प्रमाण ६६ भागिले ८४, म्हणजे ७९ टक्के. बघा, कम्प्लिशन रेट ६० असलेल्या रीलने पाठात ७९ टक्के लोक टिकवले आणि कम्प्लिशन रेट ४२ असलेल्या रीलने ८६ टक्के, तेही सहा सेकंद जास्त! 'मोठी रील कंटाळवाणी' हा निष्कर्ष इथे साफ उलटा पडतो.

म्हणून माझी सूचना अशी की तक्त्यात शब्दांचे तीन रकाने करा : पाठाआधीचे शब्द, पाठाचे शब्द, पाठानंतरचे शब्द. आणि कम्प्लिशन रेट बरोबर 'पाठ पूर्ण ऐकणाऱ्यांचं प्रमाण' हाही रकाना ठेवा. पाठ संपल्यावर मूल किंवा पालक पुढे सरकले तर त्यात आपलं काही बिघडलं नाही. पण ॲपच्या कम्प्लिशनमध्ये ते 'अर्धवट सोडणारे' म्हणून मोजले जातात.

६. मग कात्री कुठे?

वरच्या रीलमध्ये कुणी म्हणालं, "४० शब्द कमी करा," तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे सावलीतल्या रुमालाचा भाग काढून टाकायचा. तो काढला तर तुलनाच उरत नाही, आणि ऊन जास्त असेल तर पाणी लवकर उडतं हे मुलाला कळायचं कसं? दुसरा मार्ग, २२ शब्दांचं स्वागत आणि १८ शब्दांचा निरोप, बरोबर ४० शब्द. आलेख सांगतो की गळती तिथेच होती. स्वागताच्या जागी आठ शब्द पुरतात : "ओला रुमाल वाळला, मग त्यातलं पाणी गेलं कुठे?" आणि लगेच रुमाल दाखवायचा.

अर्थात हा अजून अंदाजच आहे. परिसरच्या रील्सना विषयामुळे कमी लोक थांबत असतील, हेही शक्य आहे. खात्री करायची तर तोच पाठ दोन प्रकारे करून बघा. मधले ७६ शब्द अगदी तेच, आवाज तोच, फक्त सुरुवात वेगळी. दोन आठवड्यांच्या अंतराने, त्याच वारी, त्याच वेळेला टाका. एका जोडीवर भरवसा ठेवू नका, वर पाहिलेला ५ टक्क्यांचा हेलकावा आठवा. वेगवेगळ्या पाठांच्या निदान चार जोड्या करा. निम्म्या जोड्यांत जुनी सुरुवात आधी टाका, निम्म्यांत नवी आधी. चारही जोड्यांत नवी सुरुवात पुढे असेल तर बदल पक्का करायला हरकत नाही.

७. शब्द की सेकंद? एक गुंता

आपल्या तक्त्यातल्या सगळ्या रील्सचा वेग जवळपास सारखा आहे, सेकंदाला २.२ शब्द. त्यामुळे शब्द वाढले की सेकंदही तितकेच वाढतात आणि या तक्त्यावरून 'शब्द जास्त झाले' आणि 'वेळ जास्त झाला' यांतला फरक कधीच काढता येणार नाही. तो काढायचा असेल तर मुद्दाम वेगळ्या रील्स हव्यात : ४० सेकंदांची ९० शब्दांची एक, आणि ४० सेकंदांचीच ६० शब्दांची दुसरी, जिच्यात मधे शांतपणे कृती दाखवली आहे.

हा फरक लहान वर्गांसाठी फार महत्त्वाचा आहे. कुणी शब्द तेच ठेवून नुसता वेग वाढवला तर रील छोटी होते. ११६ शब्द सेकंदाला ३ च्या वेगाने बोलले तर ५२ ऐवजी ३९ सेकंदांत संपतात. कम्प्लिशन रेट कदाचित वाढेलही. पण दुसरी-तिसरीतल्या मुलाला वाक्याचा अर्थ लावायला, रुमालाकडे बघायला वेळ मिळाला का? तो प्रश्न आलेखात दिसत नाही.

त्यासाठी साधी कसोटी वर्गातच आहे. रील दाखवून झाली की एकच प्रश्न विचारा : "कोणता रुमाल आधी वाळला, आणि का?" 'का' चं उत्तर किती मुलांना देता येतं, ते मोजा आणि तक्त्यात शेवटच्या रकान्यात लिहा. पालकांनीही घरी हेच करावं. मुलाने रील पूर्ण पाहिली की नाही यापेक्षा हा रकाना जास्त सांगतो. कम्प्लिशन रेट वाढला आणि 'का' ची उत्तरं कमी झाली, तर काढलेले शब्द परत घाला.

करून पाहण्यासाठी

या आठवड्यात आपल्या शेवटच्या दहा रील्स घ्या. सगळ्यांत आधी प्रत्येकीच्या स्क्रिप्टवर दोन रेघा मारा, एक पाठ सुरू होतो तिथे आणि एक संपतो तिथे. मग आलेखावर त्या दोन वेळांचे टक्के वाचा. सहसंबंध नंतर काढला तरी चालेल. बऱ्याचदा या दोन रेघांमधूनच कळतं की कात्री कुठे चालवायची आणि कुठे अजिबात नाही.